बारा महिन्यांनंतरचा अंदाज: थेट काढावा की पायरीपायरीने?

मे महिन्यापर्यंतचे महागाईचे आकडे हातात आहेत आणि अंदाज हवाय तो पुढच्या वर्षीच्या मे महिन्याचा. इथे दोन रस्ते फुटतात.

पहिल्या रस्त्याने जाणारा माणूस फक्त एक महिना पुढचं सांगणारं मॉडेल बनवतो. त्या मॉडेलवरून जूनचा अंदाज काढतो, मग तोच जूनचा खरा आकडा आहे असं धरून जुलैचा काढतो, जुलैवरून ऑगस्टचा, असं करत बारा वेळा तेच मॉडेल चालवून मे गाठतो. याला इटरेटेड किंवा रिकर्सिव्ह पद्धत म्हणतात. मी तिला पायरी पद्धत म्हणेन. दुसऱ्या रस्त्याचा माणूस मधल्या महिन्यांच्या भानगडीत पडतच नाही. जुन्या आकड्यांतून तो 'एक महिना आणि त्यानंतरचा बरोबर बारावा महिना' अशा जोड्या लावतो, त्यांच्यावर रिग्रेशन चालवतो आणि यंदाच्या मेवरून पुढच्या मेचा आकडा एकदम काढतो. ही डायरेक्ट, म्हणजे थेट पद्धत. उद्या कुणी सहा महिन्यांनंतरचा अंदाज मागितला, तर तो सहा महिन्यांच्या जोड्या लावून वेगळं मॉडेल बनवेल.

कोणती पद्धत चांगली, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एक ठराविक उत्तर मिळतं: पायरी पद्धतीत प्रत्येक पायरीला थोडी चूक होते, त्या चुका साचत जातात, म्हणून लांबचा अंदाज थेट काढलेला बरा. ऐकायला हे अगदी पटतं. पण निष्कर्ष बऱ्याचदा उलटा निघतो आणि कारण तर बहुतेक वेळा चुकीचंच असतं.

जूनपासून पुढच्या मेपर्यंत कच्च्या तेलाचे भाव उसळतील, एखादं पीक बुडेल, एखादा कर बदलेल. या अनपेक्षित गोष्टी बारा महिने साचत जातात हे खरं, पण त्या पद्धतीमुळे साचत नाहीत. थेट अंदाज काढणाऱ्यालाही त्या ठाऊक नसतात. बारा महिन्यांनंतरच्या अंदाजातली बहुतेक चूक याच प्रकारची असते आणि ती दोन्ही रस्त्यांवर सारखीच लागते. फरक पडतो तो उरलेल्या थोड्या भागात, आणि त्या भागात दोन गोष्टी एकमेकींशी झगडत असतात: तुमचं एका महिन्याचं मॉडेल मुळातच किती चुकीच्या आकाराचं आहे, आणि ते बसवायला तुमच्याकडे डेटा किती कमी आहे.

मॉडेल बरोबर असेल तेव्हा

एक अगदी साधी मालिका घेऊ. प्रत्येक महिन्याचा आकडा म्हणजे मागच्या महिन्याच्या आकड्याचा ०.८ भाग, अधिक नवा धक्का:

`y(t+1) = 0.8·y(t) + e(t+1)`

आकडे सरासरीपासून मोजलेत, म्हणजे शून्य म्हणजेच नेहमीची पातळी. अशा मालिकेत आजच्या आकड्याचा बारा महिन्यांनंतर उरणारा भाग ०.८ चा बारावा घात, म्हणजे जवळजवळ ०.०७. हा ०.०७ हाच खरा गुणक. पण आपल्याला तो माहीत नाही. हातात फक्त १०० महिन्यांचा डेटा आहे. तो दोन्ही पद्धतींनी शोधून बघू.

पायरी पद्धत आधी ०.८ शोधते. १०० महिन्यांच्या डेटावर त्या आकड्यातली नेहमीची चूक साधारण ०.०६ असते. म्हणजे कधी ०.७४ मिळेल, कधी ०.८६. आता त्यांचा बारावा घात करा: पहिल्याचा ०.०३, दुसऱ्याचा ०.१६. खरा आकडा ०.०७ होता. चुकलो, पण फार नाही. 'चुका साचतात' म्हणणाऱ्याच्या नजरेतून इथलीच गोष्ट सुटते: एकपेक्षा लहान गुणकाचा घात वाढवत नेला की गुणक आक्रसतो, आणि त्याच्यातली चूक सुरुवातीला वाढली तरी पुढे तीही आक्रसते.

थेट पद्धत बारा महिन्यांच्या अंतराचा गुणक सरळ डेटातून काढते. त्यातली नेहमीची चूक निघते साधारण ०.२१. म्हणजे ०.०७ च्या जागी कधी ०.२८ मिळेल आणि कधी उणे ०.१४. उणे गुणकाचा अर्थ बघा: आज महागाई जास्त असेल तर वर्षभराने ती नेहमीपेक्षा कमी असेल, असं मॉडेल छातीठोकपणे सांगणार. असा काही संबंध मालिकेत नाहीच. तो निव्वळ डेटाच्या तोकडेपणातून आला.

थेट पद्धतीची चूक इतकी मोठी का? १०० महिन्यांतून बारा-बारा महिन्यांच्या ८८ जोड्या निघतात, पण त्या ८८ स्वतंत्र साक्षी नव्हेत. जानेवारी ते जानेवारी आणि फेब्रुवारी ते फेब्रुवारी या दोन जोड्यांतले अकरा महिने सामायिक आहेत. त्या काळात एक मोठा धक्का बसला, तर तो एकाच वेळी डझनभर जोड्यांत डोकावतो. दिसायला डेटा भरपूर, पण त्यातली नवी माहिती थोडी.

आता याचा अंदाजावर किती परिणाम होतो ते पाहू. खरा गुणक माहीत असता तरी चुकांच्या वर्गांची जी सरासरी राहिलीच असती, तिच्यात पायरी पद्धत बारा महिन्यांच्या अंतरावर साधारण ०.४ टक्के भर घालते आणि थेट पद्धत ४.४ टक्के. चार महिन्यांच्या अंतरावर हेच आकडे १.८ आणि २.९ टक्के आहेत. म्हणजे मॉडेल बरोबर असेल तर पायरी पद्धत जिंकते आणि अंतर वाढेल तशी तिची आघाडी रुंदावते. प्रचलित समजाच्या नेमकं उलट. हेही लक्षात घ्या, की सगळा झगडा चार-पाच टक्क्यांचाच आहे. उरलेली चूक भविष्याची आहे आणि तिला इलाज नाही.

मॉडेल चुकीचं असेल तेव्हा

आता खरा मुद्दा. महागाईचा मासिक दर हा बहुधा दोन गोष्टींची बेरीज असतो. एक हळूहळू सरकणारा पाया: मजुरी, अपेक्षा, पतधोरण. दुसरी गोष्ट म्हणजे त्या-त्या महिन्याचा गोंगाट: पेट्रोल एका महिन्यात उडालं, भाजी महागली, पुढच्या महिन्यात परत खाली आली. पाया चिवट असतो, गोंगाट महिनाभरात विरतो. आपल्याला दोन्ही वेगळे दिसत नाहीत; दिसते ती फक्त बेरीज.

समजा, पायाचा महिन्याला ०.९ भाग टिकतो आणि गोंगाट इतका आहे की एकूण मालिका अशी चालते:

`y(t) = 0.9·y(t-1) + e(t) - 0.6·e(t-1)`

या मालिकेत लागोपाठच्या दोन महिन्यांमधला सहसंबंध निघतो ०.४९. दोन महिन्यांच्या अंतराने ०.४४, चार महिन्यांनी ०.३६, बारा महिन्यांनी ०.१५. आकडे नीट पाहा: पहिल्या पायरीलाच सहसंबंध एकवरून निम्म्यावर कोसळतो, आणि नंतर मात्र दर महिन्याला फक्त दहा टक्के झिजतो. पहिली पडझड गोंगाटामुळे आहे, नंतरची संथ झीज पायाची.

आपण मात्र भाबडेपणाने 'पुढचा महिना हा या महिन्याचा अमुक भाग' एवढंच मॉडेल बसवलं. त्याला ०.४९ दिसतं आणि ते ठरवतं, की या मालिकेतली प्रत्येक गोष्ट महिन्याला निम्मी होते. मग चार पायऱ्या चढताना ते ०.४९ चा चौथा घात करतं: ०.०६. खरं उत्तर ०.३६ आहे. गोंगाटामुळे झालेली पडझड एकदाच मोजायला हवी होती. पायरी पद्धतीने ती चार वेळा मोजली.

थेट पद्धतीचं मॉडेल काही जास्त शहाणं नाही. त्यालाही पाया आणि गोंगाट वेगळे कळत नाहीत. पण ते एकच प्रश्न विचारतं: चार महिन्यांच्या अंतराने काय होतं? उत्तर येतं ०.३६, आणि ते बरोबर आहे. या महिन्यात महागाई नेहमीपेक्षा २ टक्के-बिंदूंनी जास्त असेल, तर चौथ्या महिन्यासाठी पायरी पद्धत सांगते 'नेहमीपेक्षा ०.१२ जास्त' आणि थेट पद्धत सांगते '०.७२ जास्त'. एक म्हणते, संपलं सगळं, निश्चिंत राहा. दुसरी म्हणते, अजून एक तृतीयांश शिल्लक आहे. व्याजदर ठरवणाऱ्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

डेटा अमर्याद असता तर चार महिन्यांच्या अंतरावर थेट पद्धतीची वर्गचूक, म्हणजे चुकांच्या वर्गांची सरासरी, पायरी पद्धतीपेक्षा साधारण ९ टक्क्यांनी कमी राहिली असती. दोन महिन्यांच्या अंतरावर हा फायदा जवळपास ५ टक्के आणि बारा महिन्यांच्या अंतरावर जेमतेम २.४ टक्के. फायदा मधल्या अंतरावर सर्वांत जास्त आहे. एका महिन्यावर दोन्ही पद्धती एकच असतात, आणि फार लांब गेल्यावर दोन्ही अंदाज सरासरीवरच येऊन टेकतात, त्यामुळे भांडायला काही उरत नाही.

दोन्ही हिशेब आता एकत्र मांडता येतात. मॉडेल चुकीचं असल्यामुळे थेट पद्धतीला जो फायदा होतो, तो लांबच्या अंतरावर विरत जातो. तिची किंमत, म्हणजे कमी डेटामुळे गुणकात येणारी डळमळ, मात्र अंतरासोबत कमी होत नाही, उलट थोडी वाढते. मोठ्या नमुन्यांसाठीचं सूत्र वापरून याच मालिकेचा ढोबळ हिशेब केला तर चार महिन्यांच्या अंदाजासाठी थेट पद्धत साधारण ३० महिन्यांच्या डेटानंतर परवडू लागते. बारा महिन्यांच्या अंदाजासाठी मात्र साधारण १४० महिने, म्हणजे जवळजवळ बारा वर्षं लागतात. तीस महिन्यांसारख्या तोकड्या डेटावर हे सूत्र फार काटेकोर चालत नाही, तेव्हा आकडे धरून बसू नका. दिशा मात्र पक्की आहे.

लॅग वाढवले तर?

इथे जाणकार वाचक हटकेल: मॉडेल चुकीचं आहे ना, मग ते दुरुस्त करा की! फक्त मागचा एकच महिना, म्हणजे एकच लॅग, कशाला बघायचा? आणि त्याचं बरोबर आहे.

वरच्याच मालिकेत एका महिन्याचा सर्वोत्तम अंदाज काढायचा तर मागच्या सगळ्या महिन्यांना उतरत्या क्रमाने वजन द्यावं लागतं: सर्वांत अलीकडच्या महिन्याला ०.३०, त्याआधीच्या महिन्याला ०.१८, मग ०.११, मग ०.०६ आणि पुढे. असं अनेक महिन्यांवर पसरलेलं वजन गोंगाट आपोआप गाळतं. चार लॅग घेतले तर एकूण वजनापैकी १३ टक्के बाहेर राहतं. बारा घेतले तर ०.२ टक्के. म्हणजे बारा लॅगांचं मॉडेल जवळजवळ बरोबर आहे, आणि बरोबर मॉडेल असलं की पायरी पद्धत जिंकते हे आपण पाहिलंच. गोंगाट आणखी जास्त असेल, समजा सूत्रात ०.६ ऐवजी ०.८ असेल, तर चार लॅगांनंतर ४१ टक्के वजन बाहेर राहतं आणि बारा लॅगांनंतरही ७ टक्के.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. मार्सेलिनो, स्टॉक आणि वॉटसन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याच प्रश्नावर एक मोठी तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेच्या १७० मासिक मालिका, १९५९ ते २००२ हा काळ, आणि ३, ६, १२ व २४ महिन्यांचे अंदाज. त्या-त्या महिन्यापर्यंतचाच डेटा हाती आहे असं धरून त्यांनी दोन्ही पद्धतींचे अंदाज काढले आणि नंतरच्या खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिले. मॉडेलचे लॅग कधी चार, कधी बारा ठेवले, तर कधी लॅग किती घ्यावेत हे डेटावरून ठरवणाऱ्या एआयसी आणि बीआयसी या निकषांवर सोडले.

एकंदरीत पायरी पद्धत सरस ठरली. भरपूर लॅग घेतल्यावर तर ठळकपणे, आणि अंतर वाढेल तशी जास्तच. उत्पादन, रोजगार, विक्री यांसारख्या मालिकांत थेट पद्धतीला फारसं काही दाखवता आलं नाही. अपवाद होता किमती, मजुरी आणि पैशाचा पुरवठा या गटाचा. तिथे थोडे लॅग घेतलेल्या पायरी पद्धतीला थेट पद्धतीने मागे टाकलं. पण त्याच गटात पायरी पद्धतीला भरपूर लॅग दिले की थेट पद्धतीची ती आघाडीही गेली.

हा अपवाद वरच्या उदाहरणात तंतोतंत बसतो. किमतींच्या मालिकांत 'पाया अधिक गोंगाट' ही रचना फार ठळक असते. स्टॉक आणि वॉटसन यांनीच २००७ मध्ये दाखवलं, की अमेरिकेच्या महागाईत १९८४ नंतर गोंगाटाचा वाटा आणखी वाढला. अशा मालिकेवर चार लॅगांचं मॉडेल लावणं म्हणजे मॉडेल मुद्दाम चुकीचं ठेवणं. लॅग निवडण्याचं काम बीआयसीवर सोडणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावं. बीआयसी प्रत्येक जादा लॅगला जड दंड लावतो. लहान-लहान वजनांची लांब शेपूट त्याला एका महिन्याच्या अंदाजासाठी फुकट वाटते, म्हणून तो ती कापून टाकतो. एका महिन्यासाठी त्याचं म्हणणं फारसं चूक नसतं; पण बारा पायऱ्या चढताना नेमकी तीच शेपूट लागते.

आपली मालिका कुठे बसते हे कसं ओळखायचं

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे दोन्ही पद्धतींचे गुणक शेजारी ठेवून बघणं. एका महिन्याचं मॉडेल बरोबर असेल तर त्याचा घात करून आलेला गुणक आणि थेट मोजलेला गुणक एकाच आकड्याभोवती यायला हवेत. एका लॅगासाठी पायथनमध्ये एवढंच पुरतं:

```python
import numpy as np

def compare(y, h):
    z = np.asarray(y, float)
    z = z - z.mean()
    phi  = (z[:-1] @ z[1:]) / (z[:-1] @ z[:-1])
    beta = (z[:-h] @ z[h:]) / (z[:-h] @ z[:-h])
    return phi**h, beta
```

पहिला आकडा पायरी पद्धतीचा, दुसरा थेट पद्धतीचा. `h` दोनपासून बारापर्यंत बदलत जा. `beta` प्रत्येक अंतरावर `phi**h` च्या बराच वर आणि हळूहळू उतरताना दिसला, तर पाया-गोंगाटाची शंका घ्यावी. तो कधी वर, कधी खाली असा हेलकावे खात असेल, तर तो बहुधा कमी डेटाचा खेळ आहे. पहिल्या उदाहरणात १०० महिन्यांवर थेट गुणकाची डळमळ ०.२१ होती हे विसरू नका, ०.०७ आणि ०.२० मधल्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी खूण एका महिन्याच्या मॉडेलच्या उरलेल्या चुकांमध्ये असते. त्या चुका एकमेकींशी संबंध राखून असतील, म्हणजे या महिन्याची चूक पुढच्या महिन्याच्या चुकीबद्दल काही सांगत असेल, तर मॉडेलने माहिती मागे सोडली आहे. तेव्हा थेट पद्धतीकडे धाव घेण्याआधी लॅग वाढवून बघावेत. माझं मत स्पष्ट आहे: थेट पद्धत ही चुकीच्या मॉडेलवरची मलमपट्टी आहे, आणि कधीकधी मलमपट्टीच योग्य असते. मॉडेल सुधारण्याची सोय नसेल आणि डेटा भरपूर असेल तर ती खुशाल करावी. पण ते सुधारता येत असेल, तर सुधारून पायऱ्या चढणं सहसा स्वस्त पडतं.

सरळ रेषेबाहेर

आतापर्यंतचं सगळं सरळ रेषेतल्या मॉडेलांबद्दल झालं. मॉडेल वाकडंतिकडं असेल, उदाहरणार्थ निर्णयवृक्षांचं किंवा न्यूरल नेटवर्कचं, तर पायरी पद्धतीत एक वेगळीच खोट निघते, आणि ती मॉडेल शंभर टक्के बरोबर असलं तरी राहते.

समजा, पुढच्या महिन्याचा आकडा २ किंवा ८ असण्याची शक्यता सारखीच आहे, आणि त्यानंतरचा नियम असा, की आकडा ६ च्या वर गेला तर तो दुप्पट होतो, नाहीतर तसाच राहतो. पायरी पद्धत पहिल्या पायरीला सरासरी धरते: ५. पाच हा सहापेक्षा कमी, म्हणून दुसऱ्या पायरीलाही ५. प्रत्यक्षात निम्म्या वेळा २ राहणार आणि निम्म्या वेळा १६ होणार, सरासरी ९. मॉडेल बरोबर, नियम बरोबर, तरी उत्तर साफ चुकलं, कारण मध्ये सरासरी भरली. थेट पद्धत इथे सरळ ९ च्या आसपास जाते.

यावरचा उपाय पायरी पद्धत टाकून देणं नव्हे. एका सरासरीऐवजी हजारभर वाटा चालवायच्या: प्रत्येक पायरीला जुन्या चुकांमधून एक चूक यादृच्छिकपणे उचलून अंदाजात मिसळायची, पुढे जायचं, आणि शेवटी सगळ्या वाटांची सरासरी काढायची. यात आणखी एक लाभ पदरात पडतो. 'येत्या बारा महिन्यांतली एकूण विक्री किती, आणि ती अमुकच्या खाली जाण्याची शक्यता किती' असा प्रश्न आला, तर वाटा तयारच असतात. थेट पद्धतीत बारा महिन्यांची बारा सुटी मॉडेलं असतात. एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीशी कशी जोडलेली आहे हे त्यातून कळत नाही. शिवाय मॉडेलं एकमेकांशी बोलत नसल्याने सप्टेंबरचा अंदाज वर, ऑक्टोबरचा खाली, नोव्हेंबरचा पुन्हा वर, असा कारण नसलेला करवतीसारखा आलेखही निघतो.

पायरी पद्धतीची उलट अडचण बाहेरच्या घटकांची. मॉडेलमध्ये पाऊस असेल तर ऑगस्टचा अंदाज काढायला जुलैचा पाऊस हवा, आणि तो तुमच्याकडे नाही. म्हणजे पावसाचंही मॉडेल आलं. थेट पद्धतीला आजपर्यंतचा पाऊस पुरतो.

व्यवहारात दोन्हींचं मिश्रण अनेकदा चांगलं ठरतं. वॉलमार्टच्या विक्रीचा २८ दिवसांचा अंदाज काढण्याची एम५ नावाची स्पर्धा २०२० मध्ये झाली. तिच्या अचूकतेच्या विभागात पहिल्या आलेल्या प्रवेशिकेने लाइटजीबीएम या निर्णयवृक्षांच्या साधनाची रिकर्सिव्ह आणि बिगर-रिकर्सिव्ह अशी दोन्ही प्रकारची मॉडेलं बसवून त्यांची साधी सरासरी घेतली होती. एक पद्धत मॉडेलच्या आकारात चुकते, दुसरी तोकड्या डेटामुळे. दोघींच्या चुका वेगळ्या कारणांच्या असल्यामुळे सरासरीत काही प्रमाणात एकमेकींना खोडतात.

तुलना करताना

शेवटी आपल्या डेटावर कोण जिंकतं ते चाचणीच सांगणार, आणि ही चाचणी फसण्याच्या दोन ठरलेल्या जागा आहेत.

पहिली म्हणजे भविष्याची गळती. डिसेंबर २०१५ ला उभं राहून बारा महिन्यांचा थेट अंदाज काढायचा, तर प्रशिक्षणातली शेवटची जोडी डिसेंबर २०१४ ते डिसेंबर २०१५ अशी असायला हवी. जोड्या आधी सगळ्या डेटावर तयार करून मग तारखेने कापल्या, की जानेवारी ते डिसेंबर २०१५ ही सुरुवात असलेल्या जोड्याही आत राहतात. त्यांची उत्तरं जानेवारी ते डिसेंबर २०१६ ची आहेत, म्हणजे त्या दिवशी कुणालाच माहीत नसलेली. ही चूक थेट पद्धतीलाच फायदा देते, पायरी पद्धतीला नाही, म्हणून तुलना गुपचूप एका बाजूला झुकते. थेट पद्धत अचानक फारच चांगली दिसायला लागली, तर आधी जोड्यांच्या तारखा तपासा.

दुसरी जागा मोजणीची. दहा वर्षं दर महिन्याला बारा महिन्यांचा अंदाज काढला, तर १२० चुका हातात येतात. पण प्रशिक्षणाच्या जोड्यांप्रमाणेच लागोपाठच्या चुकांतही अकरा महिन्यांचे धक्के सामायिक असतात. स्वतंत्र साक्षी म्हणून त्यांची किंमत बारा महिन्यांच्या दहा तुकड्यांपेक्षा फार जास्त नसते. नेहमीची टी-चाचणी त्या १२० स्वतंत्र आहेत असं धरते आणि फरक 'सिद्ध' करून देते. दोन अंदाजांची अचूकता ताडणारी डीबोल्ड-मारियानो चाचणी वापरताना प्रसरणाच्या हिशेबात निदान अकरा लॅगांपर्यंतचा सहसंबंध धरावा लागतो. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही पद्धतींच्या वर्गचुकांतला फरक महिन्यागणिक बेरीज करत आलेखावर काढणं. रेष दहा वर्षं हळूहळू एकाच बाजूला चढत असेल, तर फरकात दम आहे. ती ९ वर्षं सपाट राहून २००८ च्या शरद ऋतूत एकदम उडी मारत असेल, तर तुमच्याकडे १२० साक्षी नाहीत, एकच आहे.